अभिनंदन कशाचे करायचे?

केंद्रीय लोकसेवा आयोगाचा निकाल लागला की चार दिवसांत गावाच्या वेशीवर फ्लेक्स झळकतो. मध्यभागी यशस्वी उमेदवार, कोट-टायमधला. भोवती वर्तुळात दहा-बारा स्थानिक नेत्यांचे चेहरे. आणि खाली ठळक अक्षरांत दोन शब्द ठरलेले, जिद्द आणि चिकाटी. माझ्या मित्राचाही असा फ्लेक्स कराडजवळच्या त्याच्या गावी लागला. २२ एप्रिल २०२५ रोजी लागलेल्या निकालात, सहाव्या आणि अखेरच्या प्रयत्नात तो उत्तीर्ण झाला. सत्कार झाले, हार-तुरे झाले, हायस्कूलच्या मुलांपुढे भाषणेही झाली. प्रत्येक वक्त्याने त्याच्या चिकाटीचे कौतुक केले. पण ती चिकाटी म्हणजे नेमके काय, हे एकालाही सांगता आले नाही. सगळ्यांचा सूर एकच, पोराने सहा वेळा डोके आपटले आणि अखेर भिंत फुटली.

माझे भांडण आहे ते या भिंतीशी. मी स्वतः या परीक्षेला कधी बसलो नाही, बँकेत चाकरी करतो. पण कॉलेजपासूनचा हा मित्र, आणि त्याच्या सहाही वर्षांच्या गुणपत्रिका मी पाहिलेल्या आहेत. त्याचे अभिनंदन करायचे तर त्या गुणपत्रिका वाचून करावे, असे माझे मत आहे. पुढचे सगळे आकडे त्याच्या परवानगीने देतो आहे.

ज्यांच्या घरात अजून कुणी या वाटेला गेलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. परीक्षेचे टप्पे तीन. पूर्वपरीक्षा पर्यायी उत्तरांची, एकाच दिवशी दोन पेपर. सकाळचा सामान्य अध्ययनाचा, शंभर प्रश्न आणि दोनशे गुण. दुपारचा सीसॅट नावाचा, उतारे, तर्क आणि गणिताचा, ऐंशी प्रश्न आणि तेही दोनशे गुण. सकाळच्या पेपरवर निवड होते, दुपारच्या पेपरात नुसते तेहतीस टक्के, म्हणजे ६६ गुण मिळवायचे असतात. त्यातून पार पडले की मुख्य परीक्षा, हाताने लिहायची, १७५० गुणांची. मग दिल्लीत मुलाखत, २७५ गुणांची. मुख्य परीक्षा आणि मुलाखत मिळून २०२५ गुणांतून अंतिम यादी लागते. २०२४ च्या परीक्षेला ९ लाख ९२ हजारांवर अर्ज आले होते, प्रत्यक्ष बसले ५ लाख ८३ हजार, मुलाखतीला पोहोचले २८४५ आणि निवड झाली १००९ जणांची. सर्वसाधारण गटातल्या उमेदवाराला सहा प्रयत्न आणि वयाची बत्तीस वर्षे, एवढीच मुभा असते.

या परीक्षेचा खरा क्रूरपणा मात्र आकड्यांत नाही. तो आहे एका साध्या नियमात, की कोणत्याही टप्प्यावर गळालात तर पुढच्या वर्षी पहिल्या पायरीपासून सुरुवात. मुलाखतीत नापास झालेल्या माणसाला पूर्वपरीक्षा माफ नाही. एक गुणही पुढे नेता येत नाही. चौथीत नापास झालेल्या मुलाला पुन्हा पहिलीत बसवावे, तसा हा प्रकार.

आता त्याची वर्षे घेऊ. २०१९ साली नोकरी सोडून तो पुण्यात आला, पेठेत खोली घेतली, अभ्यासिकेत जागा धरली. पहिल्या पूर्वपरीक्षेत त्याने शंभरपैकी ९६ प्रश्न सोडवले. ५८ बरोबर, ३८ चूक. बरोबर उत्तराला दोन गुण मिळतात आणि चुकीच्या उत्तराला त्याचा एक तृतीयांश, म्हणजे ०.६७ गुण कापला जातो. हिशेब होतो ९०.६७. त्या वर्षी सर्वसाधारण गटाची सीमारेषा होती ९८. पडला. पुढच्या वर्षी करोनामुळे ३१ मेची परीक्षा लांबून ४ ऑक्टोबर २०२० ला झाली. या वेळी त्याने ८४ च प्रश्न सोडवले. गंमत अशी, की बरोबर आले तेवढेच, ५८. चुका मात्र २६ वर आल्या. गुण झाले ९८.६७ आणि सीमारेषा होती ९२.५१. पेपर वेगळे होते हे मान्य. तरी ज्ञान तेवढेच राहूनही माणूस पास होऊ शकतो, ही गोष्ट सत्काराच्या भाषणात कोणी सांगत नाही. वर्षभरात तो काय शिकला, असे मी त्याला विचारले तेव्हा म्हणाला, "येत नाही ते सोडायला शिकलो. ते वाचण्यापेक्षा अवघड आहे रे."

त्या वर्षी मुख्य परीक्षेत ७०९ गुण पडले. हवे होते ७३६. गुणपत्रिकेत विषयवार गुण येतात, त्यामुळे खड्डा कुठे पडला ते दिसते. सामान्य अध्ययनाच्या एका पेपरात तीन तासांत वीस प्रश्न लिहायचे असतात. दहा प्रश्न दहा गुणांचे, दीडशे शब्दांचे. दहा पंधरा गुणांचे, अडीचशे शब्दांचे. लहान प्रश्नाला सात मिनिटे आणि मोठ्याला अकरा दिली की बरोबर १८० मिनिटे होतात, श्वास घ्यायला जागा उरत नाही. हा पठ्ठ्या सुरुवातीचे, आवडीचे प्रश्न तब्येतीत लिहायचा आणि शेवटचे तीन-चार कोरे ठेवून उठायचा. कोऱ्या उत्तराला शून्य. अर्धवट, चार मुद्द्यांच्या उत्तरालाही तीन-चार गुण मिळून जातात. पुढचे सहा महिने त्याने एकच गोष्ट केली. रोज सकाळी घड्याळ लावून सात मिनिटांचे एक आणि अकरा मिनिटांचे एक उत्तर लिहायचे, वेळ संपली की वाक्य अर्धे असले तरी पेन खाली ठेवायचे. त्या वह्या मी पाहिल्या आहेत. पहिल्या महिन्यातली उत्तरे अर्ध्यात तुटलेली आहेत. हळूहळू ती आटोपशीर होत गेली. प्रस्तावना आखडल्या, शेवटचा मुद्दा वेळेत बसू लागला.

२०२१ च्या मुख्य परीक्षेत त्याला ७७१ गुण मिळाले. हवे होते ७४५. प्रथमच दिल्लीला मुलाखतीचे बोलावणे आले. गावात तेव्हाच पेढे वाटायची भाषा सुरू झाली होती. मुलाखतीत १५१ पडले, एकूण ९२२. अंतिम यादीची सीमारेषा ९५३. एकतीस गुण कमी.

इथे वाचकांनी जरा थांबून दोन तारखा पाहाव्यात. त्या परीक्षेचा अंतिम निकाल लागला ३० मे २०२२ ला. पुढच्या वर्षीची पूर्वपरीक्षा होती ५ जून २०२२ ला. मध्ये दिवस सहा. मार्चमध्ये मुख्य परीक्षेचा निकाल लागल्यापासून तो मुलाखतीच्या तयारीत होता. रोज दोन वर्तमानपत्रे, आपल्या जिल्ह्याची माहिती, कोयनेचे धरण आणि भूकंप, अर्जात लिहिलेले छंद, हे सगळे. पूर्वपरीक्षेसाठी लागणारी बारीकसारीक माहिती दोन-अडीच महिने बाजूला पडलेली. त्यात सोमवारी संध्याकाळी कळते की यादीत नाव नाही, आणि रविवारी सकाळी साडेनऊला पुन्हा पहिल्या पायरीवर बसायचे. त्या आठवड्यात तो दोन दिवस कोणाशी बोलला नाही. पेपरला मात्र गेला. ८६.६७ गुण मिळाले, सीमारेषा ८८.२२. दीड गुण कमी, म्हणजे एका प्रश्नाचा फरक.

लोक म्हणतात, मुलाखतीपर्यंत गेलेला पूर्वपरीक्षेत कसा पडतो? अभ्यास सोडला असेल, डोक्यात हवा गेली असेल. घरच्या लग्नकार्यात असे टोमणे त्याने ऐकले आहेत. वरच्या दोन तारखा शेजारी शेजारी ठेवल्या तर मला वाटते हा प्रश्न कोणी विचारणार नाही.

आणखी एक गोष्ट. त्याच्या सर्व प्रयत्नांच्या काळात पूर्वपरीक्षेची अधिकृत उत्तरे आणि गुण आयोग अंतिम निकालानंतरच जाहीर करत असे, म्हणजे जवळपास वर्षाने. तोवर क्लासवाल्यांनी काढलेल्या उत्तरसूचींवर भागवायचे. त्या त्याच संध्याकाळी निघतात आणि पाच-सात प्रश्नांत एकमेकींशी भांडत असतात. २०२२ च्या परीक्षेचा अंतिम निकाल २३ मे २०२३ ला लागला, आणि पुढची पूर्वपरीक्षा होती २८ मेला. आधीच्या वर्षी नेमके किती गुणांनी गेलो हे सरकारी कागदावर न कळताच तो पाचव्यांदा परीक्षेला बसला. ज्या आजाराचा तपासणी अहवाल पुढच्या आजारपणानंतर हाती येतो, त्यावर औषध काय घ्यायचे!

पाचवा प्रयत्न सगळ्यात जिव्हारी लागणारा. सकाळचा पेपर त्या वर्षी अवघड होता, सर्वसाधारण गटाची सीमारेषा ७५.४१ पर्यंत घसरली. याला ८४ मिळाले होते, म्हणजे निर्धास्त पार. पडला तो दुपारच्या पेपरात. गणित, तर्क आणि उतारे, ज्याकडे इंजिनिअर झालेल्या मुलाने कधी ढुंकून पाहिले नव्हते. चार वर्षे तो पेपर सहज निघाला होता. २०२३ चा सीसॅट मात्र नेहमीपेक्षा बराच कठीण होता. संख्यांवरचे प्रश्न असे, की रीत सुचली तर मिनिटात सुटावेत आणि नाही सुचली तर दहा मिनिटे खाऊन हाती काही लागू नये. आणि इंजिनिअरला आकडा अर्धवट सोडून पुढे जाणे म्हणजे अपमान वाटतो. तो अडकला, वेळ गेला, आणि शेवटच्या वीस मिनिटांत उतारे न वाचता अंदाजाने गोळे काळे करत सुटला.

हिशेब असा. या पेपरात बरोबर उत्तराला अडीच गुण, चुकीला ०.८३ वजा. त्याची ३२ उत्तरे बरोबर, म्हणजे ८० गुण. चुकलेली २०, म्हणजे १६.६७ वजा. उरले ६३.३३, आणि हवे होते ६६. आता त्या वीस चुकांतल्या फक्त चार त्याने केल्या नसत्या, ते चार गोळे कोरे ठेवले असते, तर गुण झाले असते ६६.६७ आणि तो मुख्य परीक्षेला बसला असता. नवे काही यायला नको होते. पहिल्या वर्षी सकाळच्या पेपरात जे शिकला, येत नाही ते सोडायचे, तेच दुपारच्या पेपरात त्याने कधी लावून पाहिले नव्हते.

यानंतर त्याच्या घरी बैठक झाली. वडील एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. थोरली बहीण साताऱ्याला एका खाजगी दवाखान्यात नर्स. गेली तीन वर्षे पुण्याच्या खोलीचे भाडे आणि मेसचे पैसे तीच पाठवत होती. वडील म्हणाले, आता पुरे. आईचे म्हणणे, एवढे केले आहे तर एक वेळ अजून. या "एवढे केले आहे" ला मी फार घाबरतो. बुडत्या धंद्यात पुन्हा पैसा घालणाऱ्यांच्या तोंडी हेच वाक्य असते, बँकेत मी ते रोज ऐकतो. ताईने मात्र वेगळाच प्रश्न विचारला. म्हणाली, "यंदा तू काय वेगळं करणार आहेस, ते सांग. ते पटलं तर पैसे देते." त्याने वहीचे एक पान फाडून तिला लिहून दिले. सीसॅटचा जुना पेपर दर रविवारी, परीक्षेच्याच वेळेत, दुपारी अडीच ते साडेचार. मिनिटात रीत दिसली नाही तर प्रश्नाला खूण करून पुढे. उतारे आधी. आणि आठवड्यातले तीन दिवस एका क्लासमध्ये मुलांची उत्तरे तपासण्याचे काम, म्हणजे भाडे स्वतःचे स्वतः निघेल आणि परीक्षा गेलीच तर हातात काहीतरी असेल. शेवटी एक ओळ: यानंतर नाही. वयही तेवढेच उरले होते.

मला विचाराल तर अभिनंदन त्या पानाचे व्हायला हवे. आणि ते लिहून घेणाऱ्या ताईचेही, जिचा फ्लेक्सवर कोपऱ्यातसुद्धा फोटो नव्हता.

शेवटच्या वर्षी नशिबानेही थोडी साथ दिली. लोकसभेच्या निवडणुकीमुळे २६ मेची पूर्वपरीक्षा १६ जून २०२४ ला गेली, तीन आठवडे जास्तीचे मिळाले. सीसॅटमध्ये ३६ बरोबर आणि १४ चूक, ७८.३३ गुण. तीस प्रश्न त्याने चक्क कोरे ठेवले. मुख्य परीक्षेत ७८३, मुलाखतीत १७२. एकूण ९५५, आणि सीमारेषा ९४७.

आठ गुण. २०२५ पैकी आठ. मुलाखतीत आधीच्याइतके १५१ पडले असते तर बेरीज ९३४ होऊन तो बाहेर राहिला असता. मुख्य परीक्षेत आधीचेच ७७१ राहिले असते तरी ९४३, आणि तरीही बाहेर. मुलाखतीचे एकवीस गुण कसे वाढले, असे मी त्याला विचारले. पहिल्या वेळी कोयनेच्या भूकंपाबद्दलचा एक प्रश्न नीट येत नव्हता, तेव्हा त्याने आजूबाजूचे बोलून वेळ मारून नेली होती. या वेळी दोन प्रश्नांना त्याने सरळ "माहीत नाही, सर" म्हटले. मधली वर्षे काय करत होतात, असे विचारले तेव्हा क्लासमध्ये उत्तरे तपासतो आणि त्यात काय दिसते, हे सांगितले, आणि गप्पा तिकडेच रंगल्या. पण त्यामुळेच गुण वाढले का? "कोण सांगणार?" तो म्हणाला. "मंडळ वेगळं होतं, माणसं वेगळी होती. मी माझ्या परीने कारण लावतो, एवढंच." सत्काराच्या व्यासपीठावर एवढे प्रामाणिक बोलणे कोणी ऐकून घेत नाही, म्हणून इथे नोंदवतो.

पुण्यातल्या अभ्यासिकांत आज हजारो मुले बसलेली आहेत, त्यातली कित्येक फ्लेक्सवरचे दोन शब्द वाचून आलेली. त्यांच्या आईवडिलांना माझी विनंती आहे, की "अजून किती वर्षे?" एवढाच प्रश्न विचारू नका, मागच्या वेळची गुणपत्रिका मागा. मुलगा कोणत्या टप्प्यावर, कोणत्या पेपरात, किती गुणांनी गेला, ते त्याला सांगता येते का बघा. सांगता येत असेल आणि त्यावर केलेला बदल वहीत दिसत असेल, तर आणखी एका प्रयत्नाला काही अर्थ आहे. "या वेळी थोडक्यात गेलं, पुढच्या वेळी नक्की" असे तीन वर्षे ऐकू येत असेल, आणि थोडक्यात म्हणजे किती ते कधीच कळत नसेल, तर मात्र मूल जुनेच वर्ष पुन्हा जगते आहे. त्याला चिकाटी म्हणून त्याचे कौतुक करणे मला तरी जमणार नाही.

आणि हेही खरे, की सगळे नीट करूनही माणूस राहून जातो. मुलाखतीला पोहोचलेल्या २८४५ पैकी १८३६ जणांची निवड झाली नाही. माझ्या मित्राच्या खोलीतला त्याचा जोडीदार त्यांतला एक. विदर्भातला मुलगा, तिसरी मुलाखत, आणि अखेरचा प्रयत्न. त्याच्या वह्याही तितक्याच नेटक्या, घड्याळही तेच. अशा उमेदवारांची इच्छा असेल तर त्यांचे गुण आणि माहिती नोकरी देणाऱ्यांना पाहता यावी अशी सोय आयोगाने काही वर्षांपूर्वी केली, ती चांगली आहे. पण त्या मुलाच्या गावात फ्लेक्स लागला नाही, आणि घरी फोन करून कोणी काही बोलले असेल असेही मला वाटत नाही. निकालाच्या रात्री दोघे एकाच खोलीत होते. माझ्या मित्राचा फोन थांबत नव्हता, म्हणून त्याने तो बंद करून गादीखाली ठेवला आणि दोघे जेवायला बाहेर पडले. आमचे अभिनंदनाचे फोन त्या रात्री लागले नाहीत ते त्यामुळे.

तो जोडीदार आता त्याच क्लासमध्ये उत्तरे तपासतो, पूर्ण वेळ. माझा मित्र प्रशिक्षणात आहे. गावाकडचे दोन विद्यार्थी अजून त्याला उत्तरे पाठवतात, मोबाइलवर फोटो काढून, आणि रविवारी तो ती तपासतो. परवा त्यातले एक पान त्याने मला दाखवले. मुलाने पहिले उत्तर दोन पाने लिहिले होते, छान लिहिले होते. समासात तांबड्या शाईने शेरा होता: "सात मिनिटे कुठे संपली, तिथे रेघ मार आणि मग मला पुन्हा पाठव."